कन्या लग्न, दोन अंश

मी पत्रिका पाहते. साताऱ्यात, राहत्या घरी, पुढच्या खोलीत बसून, गेली चोवीस वर्षं. समोर येणाऱ्याला आमच्या भाषेत 'जातक' म्हणतात. जातक म्हणजे खरं तर जन्मलेला जीव, इतका साधा अर्थ आहे; पण टेबलाच्या अलीकडे बसलं की जातक म्हणजे दुपारच्या वेळेतला तिसरा नंबर होऊन जातो. गेल्या वर्षी अशाच एका तिसऱ्या नंबरला मी माफीचं पत्र लिहिलं. ते तीनदा लिहावं लागलं. पहिली दोन पत्रं मी फाडली. ती का फाडली, हे कळायला आधी पत्रिका कशी मांडतात आणि ती कुठे फसते हे थोडं सांगायला हवं.

मार्चमधला रविवार होता. माय-लेकी आल्या होत्या. लेक पुण्यात नोकरीला, अठ्ठावीस वर्षांची. एक स्थळ सांगून आलं होतं, मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली होती, आणि हिची पत्रिका कधी केलेलीच नव्हती. बाहेर चौघं थांबली होती. मी तारीख, गाव, वेळ विचारली. २२ मे १९९६, सातारा. वेळ आईने सांगितली, "दुपारचे सव्वादोन." मी ती संगणकात घातली आणि क्षणात कुंडली समोर आली. कन्या लग्न, मेषेत मंगळ.

"मंगळ आहे हो," मी म्हणाले. "तोही अष्टमात. कडक आहे."

आईचा चेहरा उतरला. मी तिच्याकडे पाहिलं. गळा मोकळा, कपाळावर काही नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घराण्यातच दिसतंय हे. तुमच्याही पत्रिकेत असणार बघा."

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "असेल. हिचे बाबा ही अकरा वर्षांची असतानाच गेले."

मुलगी काहीच बोलली नाही. मी कुंभविवाहाचं सांगितलं. लग्नाआधी मुलीचा विवाह मडक्याशी लावायचा, म्हणजे दोष त्या मडक्यावर जातो, असा तो विधी. एका गुरुजींचा नंबर दिला, पाचशे एक रुपये घेतले आणि पुढच्यांना हाक मारली. सगळं मिळून पंधरा मिनिटं झाली असतील.

जुलैत तिचा मेसेज आला. सोबत एका जुन्या कार्डाचा फोटो होता. आजोबांच्या फाइलीत तिला तिच्या जन्माचं दवाखान्याचं कार्ड सापडलं होतं. त्यावर वेळ होती १.५५. तिने लिहिलं होतं की त्या वेळेने दुसरीकडे पत्रिका काढली, तिथे मंगळ नाही म्हणाले. पण मी तुम्हाला मंगळासाठी लिहीत नाही. आईने स्थळाकडच्यांना प्रामाणिकपणे सगळं सांगितलं आणि ते स्थळ गेलं, त्याचंही मला काही नाही. चार महिने झाले, आई जेवायला बसली की बोलत नाही. बाबा आपल्यामुळे गेले असं तिला वाटतं. हे तुम्ही तिला सांगितलंत, काकू.

मी तो मेसेज वाचला आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर तिची कुंडली पुन्हा उघडली. म्हणजे माणूस बाजूला ठेवून मी आधी स्वतःची चूक मोजायला बसले. ही आमच्या धंद्यातली खोड.

ती चूक आधी सांगते. पत्रिकेत दोन वेगळ्या गोष्टी असतात. ग्रह कोणत्या राशीत आहेत ही एक. ही सावकाश बदलते; मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, त्यामुळे त्या दिवशी भारतात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा मंगळ मेषेतच होता. दुसरी गोष्ट म्हणजे लग्न. इथे लग्न म्हणजे विवाह नव्हे. जन्माच्या क्षणी पूर्वेच्या क्षितिजावर जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात, आणि तिथून पहिलं घर मोजायला सुरुवात होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून दिवसभरात बाराही राशी क्षितिजावर येऊन जातात. एका राशीला सुमारे दोन तास, एका अंशाला सुमारे चार मिनिटं. ग्रह तिथेच असतात. ते कुठल्या घरात पडतात हे मात्र या लग्नावर, म्हणजे घड्याळावर ठरतं.

त्या दिवशी साताऱ्यात सिंह रास संपून कन्या रास सुरू झाली ती दुपारी दोन वाजून पाच-सहा मिनिटांनी. सव्वादोनला कन्या लग्न, आणि कन्येपासून मोजलं तर मेष आठवी येते. आठवं घर मृत्यूचं, त्यात मंगळ, आणि मुलीची पत्रिका असेल तर ते नवऱ्याच्या आयुष्याला वाईट, असं आमच्या पोथ्या सांगतात. एक पंचावन्नला मात्र सिंह लग्न. सिंहेपासून मेष नववी, म्हणजे भाग्यस्थान. त्यातही सिंह लग्नाला मंगळ हा योगकारक, सर्वांत जास्त साथ देणारा ग्रह मानतात, आणि तो स्वतःच्या राशीत, भाग्यात बसलेला. वीस मिनिटं अलीकडे सरकलं की तोच मंगळ पत्रिकेतला सगळ्यात वाईट ग्रह न राहता सगळ्यात चांगला होतो. मंगळ चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. हिचा चंद्र कर्केत, शुक्र मिथुनेत. तिथून मंगळ दहावा आणि अकरावा येतो. तिथेही दोष नाही.

मग सव्वादोन आले कुठून? आईने खोटं सांगितलं नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीतून नर्स बाहेर आली आणि आजीला "मुलगी झाली" म्हणाली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. घरात तीच वेळ राहिली. हे इतकं नेहमीचं आहे की सांगण्यासारखंसुद्धा नाही. घरच्यांच्या आठवणीतली वेळ पुष्कळदा जन्माची नसून बातमीची असते. सरकारी जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याच्या कागदावर वेळ असते, पण तीही कोणी तरी हात धुऊन झाल्यावर लिहिलेली. आणि जन्माचा क्षण नेमका कोणता, डोकं बाहेर आलं तो, पहिलं रडू फुटलं तो की नाळ कापली तो, यावर आमच्यात आजही एकमत नाही. या सगळ्यावर संगणक मात्र लग्नाचे अंश, कला, विकला छापून देतो. वजनकाटा भाजीवाल्याचा आणि पावती सोनाराची.

हे ओळखता येत नाही असंही नाही. लग्नाचे अंश शून्य ते तीसपर्यंत जातात. आकडा दोन-तीनच्या आत किंवा सत्तावीसच्या पुढे दिसला की पत्रिका संधीवर आहे असं समजायचं, हात थांबवायचा आणि विचारायचं: ही वेळ कोणी पाहिली, कुठे लिहिली आहे का? मी शिकवणीला येणाऱ्या मुलांना हे पहिल्या महिन्यात सांगते. त्या रविवारी माझ्या समोरच्या पडद्यावर कन्या, दोन अंश असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

पहिलं पत्र मी त्याच रात्री लिहिलं. दोन पानी होतं. त्यात संधी होती, अंश होते, नर्स आणि घड्याळ होतं. सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्या दोन पानांत चूक करणारी मी कुठेच नव्हते. चूक वेळेची, चूक आजीच्या घड्याळाची. "आपण दिलेल्या वेळेनुसार" हे शब्द मी दोन ठिकाणी घातले होते. वीजबिल चुकलं की कार्यालयाकडून येतं तसं पत्र. शिवाय त्यातून असाही अर्थ निघत होता, की वेळ जर खरोखर सव्वादोनच असती तर मी आईला जे बोलले ते बरोबर ठरलं असतं. ते पत्र फाडलं.

दुसरं पत्र प्रेमळ होतं आणि म्हणून जास्त वाईट होतं. त्यात मी नवी पत्रिका वाचून दाखवली होती. तुझा मंगळ भाग्यात आहे, योगकारक आहे, चांगला जोडीदार मिळेल, दिवाळीच्या पुढेमागे योग दिसतो. वाईट बोलून दुखावलं, आता चांगलं बोलून भरपाई करू, असा तो हिशेब. आमच्यातले पुष्कळजण हेच करतात. नाराज जातकाला पुढच्या वेळी एखादा गोड योग सांगतात आणि जातकही खूष होऊन जातो. पण मी जर मंगळ चांगला आहे म्हणून तिला धीर दिला, तर मंगळ वाईट असता तेव्हा तिने घाबरायलाच हवं होतं, हे मी पुन्हा एकदा कबूल केलं असतं. आणि आईचं काय? आईच्या मनातून ते वाक्य काढायला आईची पत्रिका मागवायची? त्यात मंगळ सापडला तर? ते पत्रही फाडलं.

मग मी पत्रिका मिटून टाकली आणि तो रविवार आठवत बसले. तेव्हा एक गोष्ट समोर आली, जी मला कुणाला सांगायची नव्हती. "घराण्यातच आहे" हे मी कुंडलीत वाचलंच नव्हतं. मुलीच्या कुंडलीवरून आईचा मंगळ दिसत नाही. तसा काही नियमच नाही. मी बाईंचा मोकळा गळा पाहिला आणि बोलले. हे आम्ही सगळेच कमी-अधिक करतो. चपलांची स्थिती, हातावरचा डाग, मुलगा बोलताना वडील खिडकीकडे पाहतात ते. नजर तयार होते, आणि नजरेने टिपलेलं आपल्याला ग्रहांनी सांगितलं असं वाटायला लागतं. समोरचा "अगदी बरोबर!" म्हणाला की आपलीही खात्री पटते. त्या बाई "असेल" म्हणाल्या तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं होतं. ओळखलं म्हणून.

तिसरं पत्र खाली देते आहे. नाव आणि घरगुती दोन ओळी गाळल्या आहेत. ते छापायची परवानगी मी तिच्याकडे मागितली होती. तिने "नाव नको, बाकी छापा" एवढंच कळवलं.

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले. उशीर झाला, कारण आधी दोन पत्रं लिहिली होती आणि ती तुला पाठवण्यासारखी नव्हती.

मार्चमध्ये तुम्ही दोघी माझ्याकडे आलात तेव्हा मी तुझ्या आईला म्हणाले, की हा दोष घराण्यातच आहे आणि त्यांच्याही पत्रिकेत असणार. हे वाक्य मी पत्रिका पाहून बोलले नाही. तुझ्या आईकडे पाहून बोलले. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, ते मला दिसलं, आणि मी ते ज्योतिष म्हणून सांगितलं. त्यांची पत्रिका मी कधीही पाहिलेली नाही. त्यांची जन्मतारीखही मला माहीत नाही. त्यामुळे तुझ्या बाबांच्या जाण्याबद्दल मी जे सुचवलं त्याला कसलाही आधार नव्हता, माझ्या शास्त्रातलासुद्धा. याबद्दल मी तुझी आणि त्यांची माफी मागते.

दुसरी चूक वेळेची. तू पाठवलेल्या कार्डावरून तुझं लग्न सिंह येतं, कन्या नाही, आणि मंगळ आठव्या घरात येत नाही. हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. लग्न दोन अंशांवर होतं, आणि अशा वेळी जन्मवेळ तपासल्याशिवाय बोलायचं नाही हे मी इतरांना शिकवते. बाहेर माणसं थांबली होती म्हणून मी घाई केली. तुझ्या आईने वेळ चुकीची सांगितली असं कृपा करून मनात आणू नकोस. आठवणीतली वेळ अशीच असते. ती तपासणं हे माझं काम होतं आणि त्याचे मी पैसे घेतले होते.

आता मंगळ नाही असं सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. मंगळाबद्दल मला जे माहीत आहे आणि मी सहसा सांगत नाही, ते सांगते. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरातला मंगळ आम्ही दोषाचा धरतो. बारापैकी पाच घरं. म्हणजे काहीही न करता शंभरातल्या बेचाळीस माणसांना मंगळ असतो. काही जण तो चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं तिन्हीकडून मोजलं तर शंभरातल्या जवळजवळ ऐंशीजणांना तो कुठून तरी लागतो. मग एवढ्यांची लग्नं जमायची कशी, म्हणून परिहार आले: स्वतःच्या राशीत असेल तर दोष नाही, गुरू पाहत असेल तर नाही, दोघांनाही मंगळ असेल तर नाही. तुझा मंगळ मेषेत, स्वतःच्या राशीत आहे. सव्वादोनची वेळ खरी धरली असती तरी पुष्कळ ज्योतिषांनी तो सोडून दिला असता. मी ते बोलले नाही. परिहार सांगायला आणखी पाच मिनिटं लागली असती.

आईला माझ्या वतीने एवढं सांगशील का? प्रत्येक जोडप्यात कोणी तरी एक आधी जातं. माझेही यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. माझ्या पत्रिकेत कुठूनही मोजलं तरी मंगळ नाही.

हे त्यांना मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, पण त्यांना माझं तोंड पाहायचं नसेल तर ते मला समजेल. मी आपणहून येणार नाही, फोनही करणार नाही. तुझ्या त्या स्थळाकडे जे गेलं ते माझ्या तोंडचं होतं. ते चूक होतं असं त्यांना लेखी कळवावं असं तुला वाटलं तर कळवीन. तुला नको असेल तर तो विषय माझ्याकडून पुन्हा निघणार नाही.

कुंभविवाह करण्याची काही गरज नाही. केला असलात तर त्याचा खर्च मला कळव, तो मी देईन. माझे घेतलेले पाचशे एक रुपये सोबत चेकने परत करते आहे. हे पैसे परत केले म्हणजे फिटलं असं मी समजत नाही.

या पत्राला उत्तर द्यायला हवं असं काही नाही.

इथे पत्र संपतं. ज्योतिष मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, दोन्ही वाचकांना यात काही खटकेल याची मला कल्पना आहे.

न मानणारे विचारतील, बेचाळीस आणि ऐंशीचा हिशेब तुम्हाला येतो, तर मग हे दुकान चालवता कशाला? प्रश्न रास्त आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. काही पत्रिका हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती पत्रिका कोणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या आणि सरासरीने शेकडा सेहेचाळीस बरोबर ओळखल्या. नाणं उडवलं असतं तर पन्नास आल्या असत्या. त्या वेळी आम्हा मंडळींत मोठा गदारोळ झाला, प्रश्नच चुकीचा होता, पत्रिका चाळीसच होत्या, वगैरे. मीही त्यात तावातावाने बोलले होते. आता आठवतं, की त्या चाचणीत ज्योतिषासमोर माणूस बसलेला नव्हता. मोकळा गळा नव्हता, चपला नव्हत्या, "अगदी बरोबर" म्हणणारं कोणी नव्हतं. नुसती कुंडली होती. माझ्यातला किती भाग कुंडली वाचतो आणि किती भाग समोरचा माणूस वाचतो, याचा अंदाज मला त्या आकड्याने नाही, त्या बाईंनी दिला. तरीही मी बसते, कारण लोक येतात, आणि आले की मला खूप काही सांगतात, जे घरात सांगत नाहीत. हे उत्तर पुरेसं नाही हे मलाही माहीत आहे.

मानणारे वेगळीच तक्रार करतात. माझ्याच ओळखीचे एक ज्येष्ठ ज्योतिषी हे पत्र वाचून म्हणाले, "परिहाराचं ठीक आहे, पण गळ्याचं लिहायला नको होतं. लोकांचा विश्वास उडतो." मी त्यांना म्हटलं, तेच एक वाक्य लिहिण्यासाठी तर पत्र लिहिलं. वेळ चुकली हे कळून त्या बाई घास गिळू शकल्या नसत्या. त्यांना कळायला हवं होतं की ग्रहांनी त्यांच्याबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. समोरची एक बाई फक्त बघत होती आणि बोलत होती. माझं अज्ञान कबूल केल्याशिवाय त्यांच्यावरचं ते ओझं उतरत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या खोलीत दोन बदल झाले आहेत. जन्मवेळ कुठून आली हे मी आधी विचारते आणि कुंडलीच्या कोपऱ्यात लिहिते: दवाखान्याचं कार्ड, आजीची आठवण, अंदाज. लग्न संधीवर असेल तर दोन्ही कुंडल्या काढून शेजारी ठेवते आणि यातली कोणती तुमची ते मला माहीत नाही असं सांगते. काही जण यावर उठून जातात. आणि ज्याची पत्रिका समोर नाही त्याच्याबद्दल मी बोलत नाही, सासू असो, होणारा नवरा असो की गेलेला बाप.

तुमच्या घरी कुणाचं लग्न ठरायचं असेल आणि पत्रिका दाखवायची वेळ आलीच, तर दवाखान्याचा कागद शोधून सोबत न्या. लग्नाचे अंश किती आहेत ते विचारा. मंगळ आहे असं कोणी सांगितलं तर कोणत्या घरात, कोणत्या राशीत आणि परिहार कोणता ते विचारा. सांगता आलं नाही तर उठा. आणि सोबतच्या माणसाबद्दल काही बोललं गेलं, तर हे कुठे लिहिलंय ते त्याच क्षणी, मोठ्याने विचारा.

पत्र मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं. आठव्या दिवशी पोचपावती परत आली. तिच्यावर सही आईची आहे. चेक अजून वटलेला नाही.